चौथं युनिट ऑप्शनला

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्रात मी कॉलेजात पहिला आलो. हे वाक्य मी बरेच दिवस इथंच थांबवत असे. पुढचा भाग असा, की आमच्या वर्गात राज्यशास्त्र घेतलेले मोजकेच होते, त्यातले निम्मे पेपरला आले नव्हते आणि उरलेल्यांत मी एकटाच असा होतो, ज्याला घरी दुसरं काही काम नव्हतं. कळमनुरीत वडील शाळेत क्लार्क, आई घरी, शेतीचा पत्ता नाही. सोयाबीन निघायचं, कापूस वेचायला यायचा, माझे मित्र वर्गातून गायब व्हायचे आणि मी पंख्याखाली बसून हुशार होत जायचो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर विभागाच्या सरांनी मला बोलावलं. पहिल्या वर्षाची मुलं घाबरली आहेत, त्यांच्या ग्रुपवर अभ्यास कसा करावा यावर चार ओळी टाक, म्हणाले. "तुझ्या अनुभवाचं लिही. गुळगुळीत नको, खरं लिही. काय कामाला आलं, काय नाही आलं." चार ओळी म्हटल्यावर मी ज्या उत्साहानं घरी गेलो त्यावरूनच सरांनी ओळखायला पाहिजे होतं. मोबाईलवर अंगठा दुखेपर्यंत लिहिलं. पोस्ट इतकी लांब झाली, की व्हॉट्सॲपनं तिच्या खाली 'पुढे वाचा' दाखवलं आणि ते दाबल्यावर पुन्हा 'पुढे वाचा' आलं. मला त्याचा अभिमान वाटला.

पण एक सांगतो, ती पोस्ट प्रामाणिक होती. जे फसलं ते मी फसलं म्हणून लिहिलं. पहाटे उठून वाचल्याचं लिहिलं आणि पहाटे उठून वाचलेलं मला एक अक्षरही आठवत नाही हेही लिहिलं. वेळापत्रकाचं लिहिलं: तीन रंगांच्या पेनांनी केलेलं, भिंतीवर लावलेलं, आणि पहिल्याच दिवशी मोडलेलं. मित्रांसोबतच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, की त्यात क्रिकेटचा अभ्यास चांगला होतो. व्हिडिओ बघण्याबद्दल लिहिलं, की बघताना सगळं समजतं आणि पेन हातात धरलं की काहीच येत नाही. कामाला काय आलं? जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवून, घड्याळ लावून, हातानं पूर्ण उत्तर लिहिणं. उत्तराला मुद्दे पाडणं. प्रश्नाचा क्रमांक समासात ठळक लिहिणं, कारण तपासणाऱ्याला शोधत बसायला लावलं की तो आपल्यावरच रुसतो. आणि शेवटी माझं हुकमी अस्त्र: एक युनिट ऑप्शनला टाकणं.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विषयाचे चार भाग, म्हणजे चार युनिट. आमच्या पेपरात लांब प्रश्न सगळ्या युनिटचे एकत्र मिसळून यायचे आणि 'कोणतेही' इतके सोडवा असं वर लिहिलेलं असायचं. म्हणजे जे युनिट डोक्यात शिरत नाही ते सरळ सोडून द्यायचं आणि उरलेली तीन घासून घ्यायची. पर्यायात ते युनिट आपोआप गळतं. मी पहिल्या वर्षापासून हेच करत आलो होतो, आणि पोस्टमध्ये मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं: 'राज्यशास्त्र पेपर पहिला, भारतीय राज्यघटना: चौथं युनिट, न्यायमंडळ, बिनधास्त ऑप्शनला टाका. मी टाकलं होतं. माझे मार्क बघा.'

पोस्टला बदाम आले, अंगठे आले, हात जोडलेले आले. दोन-तीन दिवसांत ती वारंगा फाट्याच्या एका ओळखीच्या पोराकडून माझ्याकडेच परत आली. माझं नाव गळालं होतं आणि खाली 'एका टॉपरच्या लेखणीतून' असं लिहिलेलं होतं. मी ती आईला दाखवली. आईनं चष्मा लावून वाचायला घेतली आणि दुसऱ्या 'पुढे वाचा'ला फोन परत दिला.

या पोस्टमुळेच वहिनींची ओळख झाली. त्या पहिल्या वर्षाला होत्या, पण वयानं माझ्याहून मोठ्या. तालुक्यातल्याच एका तांड्यावर सासर. बारावी झाल्यावर लग्न, मग मुलगी, मग बरीच वर्षं पुस्तक बंद. आता मुलगी अंगणवाडीत जायला लागल्यावर त्यांनी नाव घातलं होतं. मी त्यांना वहिनी म्हणायचो. त्या मला सर म्हणायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, की कोण सर आले म्हणून. नंतर मात्र सवय लागली, आणि खरं सांगायचं तर ती सवय मला फार आवडली. त्या दिसल्या की मी शर्टाची कॉलर नीट करून, हात मागं बांधून चालायला लागलो होतो.

"सर, तुमची पोष्ट मी पुरी वाचली," त्या म्हणाल्या होत्या. माझ्या आईलाही जे जमलं नव्हतं ते त्यांनी केलं होतं, त्यामुळं त्यांच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं झालं. कॉलेजच्या फाटकाजवळ एसटीची वाट बघता बघता त्यांनी स्वतःचंही थोडं सांगितलं. नवरा हो म्हणत होता. सासूचं म्हणणं साधं होतं: तू कॉलेजला गेलीस की कापूस वेचताना तुझ्या वाटची पात, म्हणजे ओळ, मी धरते, लेकरू मी बघते, धरीन, बघीन, पण एकही विषय राहिला तर पुढच्या सत्राचं नाव काढायचं नाही. "एक बी विषय राहिला की बस," वहिनी म्हणाल्या. "आन त्यांचं चुकतंय असं बी न्हाई सर. त्यांचे गुडघे दुखतात." मी मान डोलावली आणि म्हणालो, की काळजी करू नका, मी आहे ना. हे वाक्य आठवलं की अजूनही कानशिलं गरम होतात.

पेपरच्या आधीच्या आठवड्यात त्या मला व्हरांड्यात भेटल्या. हातात अभ्यासक्रमाची झेरॉक्स होती. एक शब्द अडला होता म्हणाल्या. "बाकी तुमच्या सांगण्यापरमाणं चाललंय. चौथं युनिट टाकलं ऑप्शनला. तीन युनिट पाठ करून राहिले. पण हे 'अंतर्गत पर्याय' म्हंजे काय सर?"

मी झेरॉक्स हातात घेतली. शेवटचं पान होतं, 'प्रश्नपत्रिकेचे स्वरूप'. कुठल्याही विषयाचं शेवटचं पान मी तोपर्यंत वाचलेलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि सरांच्या आवाजात सुरू केलं. "अंतर्गत पर्याय म्हणजे बघा वहिनी, प्रश्नाच्या आतच पर्याय. आता हा प्रश्न पहिला. युनिट एक. 'अ' किंवा 'ब'. दोन्ही प्रश्न एकाच युनिटचे, त्यातला एक लिहायचा. तसाच प्रश्न दुसरा, युनिट दोन. तिसरा, युनिट तीन. आणि चौथा प्रश्न..."

तिथं माझं बोट अडलं. चौथा प्रश्न, युनिट चार, 'अ' किंवा 'ब'. नव्या शैक्षणिक धोरणाची ही पहिल्या वर्षाची बॅच. धडे जवळपास तेच होते, पण पेपर बदलला होता. प्रत्येक युनिटला स्वतंत्र प्रश्न, सुटका नाही. आमची तिसऱ्या वर्षाची बॅच जुन्या पद्धतीची, म्हणून मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

एक प्रश्न गेल्यानं माणूस नापास होतोच असं नाही, हे मी मनातल्या मनात स्वतःला सांगून बघितलं. पण वहिनींचा हात मला माहीत होता. अंतर्गत चाचणीत त्या शेवटपर्यंत पोचल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी पेन धरल्यावर बोटं आखडतात, म्हणाल्या होत्या. शेवटचा टिपांचा प्रश्न त्यांचा अर्धा राहणार हे धरूनच चालायचं, आणि त्यावर आणखी एक प्रश्न मी माझ्या हातानं कापून टाकला होता. खरं सांगतो, एक क्षण असंही वाटलं, की आत्ता काही बोलूच नये. नापास झाल्याच तर म्हणता येईल, पेपर अवघड होता. मग त्यांनी विचारलं, "काय झालं सर? चक्कर येऊन राहिली का?" तेव्हा मी सांगितलं.

त्यांनी हात पुढे केला. झेरॉक्स माझ्या हातातून घेतली, पान पुन्हा वाचलं, बोट ठेवून वाचलं. मला वाटलं आता त्या मला झापतील, आणि झापलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी पान घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं. मंग आता चौथं युनिट शिकवा."

"वहिनी," मी म्हणालो, "मला ते येत नाही."

"काहून?"

"मी ऑप्शनला टाकलं होतं."

मग मात्र त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. ते हसू कौतुकाचं नव्हतं, पण मला त्यातल्या त्यात धीर आला.

बसायचं कुठं हाही प्रश्न होता. वाचनालयात परीक्षेचे बाक लागले होते. व्हरांड्यात एक लग्न झालेली बाई आणि एक तिसऱ्या वर्षाचा पोरगा पुस्तकात डोकं घालून बसले असते तर कळमनुरीत त्या पुस्तकाचं नाव कुणी विचारलं नसतं. म्हणून मी त्यांना घरी घेऊन गेलो. आईला सगळी हकिकत सांगितली. आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, बसा इथंच माझ्यासमोर. मग पुस्तक स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि मला विचारलं, "सर्वोच्च न्यायालयाचं प्रारंभिक अधिकारक्षेत्र म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, प्रारंभिक म्हणजे सुरुवातीचं.

"ते मलाही कळलं," आई म्हणाली. "पुढं?"

पुढं काही नव्हतं. आईनं मेथीची जुडी बाजूला सारली. कॉलेजात पहिला आलेला मुलगा तिनं गल्लीत बऱ्याच जणींना सांगून ठेवला होता. वहिनींनी मान खाली घालून वहीत 'प्रारंभिक' एवढंच लिहिलं आणि पुढं जागा सोडली.

मग आम्ही शिकलो. म्हणजे खरोखर पहिल्यापासून, दोघं एका बाकावरचे विद्यार्थी असल्यासारखे. केंद्र आणि राज्य यांच्यात किंवा राज्याराज्यांत तंटा झाला तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, हे प्रारंभिक. खालच्या न्यायालयाच्या निकालावर दाद मागायला जायचं, ते अपिलाचं. संसदेनं केलेला कायदा घटनेत बसतो का हे न्यायालय तपासतं आणि बसत नसेल तर तो रद्द ठरवतं, हे न्यायालयीन पुनर्विलोकन. हे शेवटचं मी फार बारकाईनं समजावलं, कारण मला ते नुकतंच समजलं होतं.

वहिनी विचार करून म्हणाल्या, "म्हंजे नवऱ्यानं हो म्हटलं तरी सासू तपासणार."

"बराबर," आई म्हणाली.

"हे पेपरात लिहू नका," मी म्हणालो.

सल्लादायी अधिकारक्षेत्र आलं तेव्हा मात्र मी ते दोनदा वाचलं. राष्ट्रपतींनी विचारलं तरच सर्वोच्च न्यायालय सल्ला देतं, आणि योग्य वाटलं नाही तर द्यायला नकारही देऊ शकतं. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि माझ्याकडे चार ओळी मागितल्या तर मी दोन 'पुढे वाचा' लिहून बसलो होतो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, पण त्या पोरीसारखं खाली बघून लिहीत राहिल्या. मोठ्या मनाची बाई.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. या वेळी खरोखर चार ओळी. पेपर बदलला आहे, एकही युनिट सोडू नका, माझी चूक झाली, अभ्यासक्रमाचं शेवटचं पान वाचा. तिला बदाम आले नाहीत. बऱ्याच वेळानं एक अंगठा आला. मग एका पोराचा निरोप: 'दादा, म्हंजे आता कोणतं युनिट टाकू?' मी त्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडं तर कुरुंद्याच्या मावसभावाकडून आली ती पोस्ट, कुण्या टॉपरची हाय, तुमी काहून माफी मागून राहिले? त्याला पटवायला मला सिद्ध करावं लागलं, की तो टॉपर मीच आणि मला काही कळत नाही. दोन्ही गोष्टींवर त्याचा विश्वास बसायला वेळ लागला.

पुढचे दोन दिवस मी पहिल्या वर्षाच्या यादीतल्या मिळतील तेवढ्या मुलांना फोन लावले. काहींनी आधीच पान वाचलेलं होतं. काहींनी ना पोस्ट वाचली होती ना पुस्तक, त्यांना माझ्यापासून काहीच धोका नव्हता. सरांना जाऊन सांगितलं, तर सर म्हणाले, "पॅटर्न तर मी वर्गात सांगितला होता." मग स्वतःच म्हणाले, "वर्गात होतं कोण म्हणा." कापसाचे दिवस होते. त्यांनी ग्रुपवर स्वतःच्या नावानं दुरुस्ती टाकली आणि तिला मात्र लगेच सगळ्यांचे होकार आले.

वहिनी पेपरपर्यंत रोज आल्या. मी घड्याळ लावायचो आणि त्या लिहायच्या. उत्तर वाचण्यापेक्षा मी आता वेळेवर नजर ठेवत होतो, कारण त्यांना येत होतं, फक्त हात पोचत नव्हता. शेवटी आईनंच तोड काढली. म्हणाली, जे नवीन शिकलीस ते आधी लिही, ताजं आहे तोवर. पाठ झालेलं शेवटी घाईतही लिहून होतं. माझ्या लांबलचक पोस्टमध्ये हे कुठंच नव्हतं.

पेपरच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा होतो. माझा स्वतःचा पेपर दुपारच्या सत्रात होता आणि त्याचंही एक युनिट मी ऑप्शनला टाकलेलं होतं, त्याचं भान मला तेव्हा नव्हतं. वहिनी बाहेर आल्या. बोटं चोळत होत्या. "चौथा आधी लिव्हला," म्हणाल्या. "पुनर्विलोकन आलं होतं. बाकीचे बी लिव्हले. शेवटच्या टिपा दोनच झाल्या, एक राहिली." एवढं बोलून त्या एसटीकडे पळाल्या, कारण दुपारची गाडी चुकली असती तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती.

निकाल लागायला हिवाळा सरला. मधल्या काळात मी त्यांना फोन केला नाही. करावासा वाटायचा आणि भीती वाटायची. माझ्या एका हुशारीपायी कुणाचं तरी कॉलेज बंद पडेल, ही गोष्ट जेवताना, अंघोळ करताना मध्येच आठवायची आणि मग मी उगाच आईवर चिडायचो. आई म्हणायची, तुझा निकाल लागायचाय का तिचा? मी म्हणायचो, माझाच.

निकाल लागला तेव्हा वेबसाईट उघडत नव्हती. माझा मी बघितला, पास होतो. वहिनींचा आसन क्रमांक माझ्याकडे होता, पण तो टाकायला हात होईना. टाकला तर पान गोल गोल फिरत राहायचं आणि मी फोन पालथा ठेवून द्यायचो. दुपारी त्यांचाच फोन आला. मागं कसलातरी आवाज चालू होता, माणसं बोलत होती, एक लहान मुलगी काहीतरी मागत होती.

"सर, निघाले," त्या म्हणाल्या.

"कोणते?"

"सगळे. राज्यशास्त्र बी."

मी खाली बसलो. उभा होतो हेही तेव्हाच कळलं. काहीतरी मोठं, सरांनी बोलावं तसं बोलायचं मनात आलं होतं, पण तोंडातून नुसतं "बरं झालं वहिनी, बरं झालं" एवढंच निघालं. तिकडं फोनवर कुणीतरी त्यांना दुरून विचारत होतं. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, बोली तांड्याची, मला ती कळली नाही. वहिनींनी तिला त्याच बोलीत उत्तर दिलं, मग पुन्हा मला म्हणाल्या, "सासूबाई विचारून राहिल्या सर. पुढच्या सत्राचे पेपर कधी लागतील म्हणून. त्या म्हणतात, आत्ताच सांग, म्हंजे हळद शिजवायचं त्याच्या आधी नाहीतर मागं धरू."

मला नक्की तारीख माहीत नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, अंदाजानं सांगत नाही. उद्या कॉलेजात विचारतो आणि मग तुम्हाला फोन करतो."